प्युरिफायरचे आकडे घरातल्या भाषेत कसे सांगावेत?

प्रश्न: आमचं वॉटर प्युरिफायरचं दुकान आहे. कंपनीची यादी अशी आहे: आरओ + यूव्ही, टाकी ८ लिटर, ताशी १५ लिटर, टीडीएस २००० पर्यंत, फिल्टर ६००० लिटर. यातून फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट कशा बनवू?

उत्तर: एका पोस्टला एकच आकडा घ्या आणि त्याचा घरात कोणाला, कधी उपयोग होतो ते शोधा. त्यासाठी थोडं गणित करावं लागतं.

‘फिल्टर ६००० लिटर’ घेऊ. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज साधारण २० लिटर लागतं असं धरा. ६००० भागिले २० म्हणजे ३०० दिवस. मग पोस्ट अशी होते:

“दिवाळीला फिल्टर बदललात? चौघांच्या घरात रोज २० लिटर पाणी वापरलं, तर तो साधारण दहा महिने चालतो. गढूळ पाणी असेल तर आधीच बदलावा लागेल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. बोअरच्या गाळाने फिल्टर लवकर तुंबतो, आणि गिऱ्हाईक सहाव्या महिन्यात भांडायला तुमच्याच दुकानात येतं.

टाकी आणि वेग मात्र एकत्र सांगा. ताशी १५ लिटर म्हणजे रिकामी ८ लिटरची टाकी अर्ध्या तासात भरते. “पाहुणे आले, टाकी संपली? चहा-पोहे होईपर्यंत पुन्हा भरत आली.” पोस्टमध्ये ‘साधारण’ हा शब्द हवाच, कारण थंडीत पाणी गार असलं किंवा टीडीएस जास्त असला की वेग उतरतो.

सगळ्यात जास्त घोळ २००० टीडीएसचा होतो. यंत्रात येणाऱ्या पाण्याची ती मर्यादा आहे, पण नुसता आकडा टाकलात तर लोकांना ते बाहेर येणारं पाणी वाटतं. “बोअरचं पाणी मचूळ लागतं? पातेल्यात पांढरा थर बसतो? २००० टीडीएसपर्यंतचं पाणी हे मशीन पिण्याजोगं करतं.” ही पोस्ट बोअर-टँकरवाल्या सोसायट्यांनाच दाखवा. धरणाचं गोडं पाणी येणाऱ्या भागात आरओची गरज सहसा नसते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे. अशा गिऱ्हाइकाला आरओ गळ्यात मारू नका, यूव्हीचं साधं मॉडेल दाखवा.

‘आजार पळतील’, ‘१०० टक्के शुद्ध’ असलं काही लिहू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. “यूव्हीमुळे जंतू निष्प्रभ होतात” एवढं पुरेसं आहे.

तुमच्या यादीत वाया जाणाऱ्या पाण्याचा आकडा नाही, तो कंपनीकडून मागून घ्या, कारण कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येईल. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर जात असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि ते पाणी बादलीत धरून फरशीला, संडासात वापरायला सांगा. कुंड्यांना मात्र नको, त्यात क्षार जास्त असतात.