सोलरचं पाणी कोमट येतंय: दोष ट्यूबचा की नळाचा?

प्रश्न: उचगावात घर आहे, पाणी बोअरचं. 200 लिटरचा ट्यूबवाला सोलर, पाच वर्षं झाली. कडक ऊन असूनही पाणी कोमटच येतंय. ट्यूब बदलाव्या लागतील का? आणि पावसाळ्यात टाकीतला हीटर किती वेळ लावायचा?

उत्तर: ट्यूब बदलायची घाई नको. आधी टाकीला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि बाथरूमचा गरम नळ सोडा. धार थोड्या वेळात थांबली पाहिजे. चालूच राहिली, तर एखाद्या मिक्सरमधून किंवा बायपासमधून थंड पाणी गरम लाइनीत घुसतंय. मग सोलरचा काही दोष नाही, प्लंबरला बोलवा.

धार थांबली, तर ट्यूब बघा. खालच्या टोकाला आतून चांदीसारखा आरसा दिसतो. तो पांढरा पडला असेल, तर त्या ट्यूबचं व्हॅक्यूम गेलं. तेवढी एकच बदला. आरसे ठीक असतील, तर बोअरच्या पाण्यावर पाच वर्षं म्हणजे क्षार धरूनच चाला. ट्यूबमध्ये गरम पाणी एका अंगाने वर चढतं आणि थंड दुसऱ्या अंगाने खाली उतरतं. तळाला पांढरा गाळ साचला की हे फिरणंच मंदावतं.

सफाई पहाटे करा, ऊन चढायच्या आत. हीटरचा स्विच बंद करून टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर ट्यूब ओढताच सगळं पाणी अंगावर येईल. एका ट्यूबमध्ये साधारण 3 लिटर पाणी मावतं. तेवढ्या पाण्यात 150 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून दोन-तीन तास ठेवा. बुडबुडे येतात; ते थांबले की लांब मऊ ब्रशने घासून धुवा. तेच पाणी पुढच्या ट्यूबला चालतं, फसफसणं बंद होईपर्यंत. फरशी धुवायचं ॲसिड मात्र नको, त्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीला वेल्डिंगपाशी खातं. बसवताना तोंडाला साबणाचं पाणी लावून फिरवत ढकला. कडक झालेल्या रबरी रिंगा तेव्हाच बदला. धुतलेल्या ट्यूब उन्हात ठेवू नका. तापलेल्या कोरड्या ट्यूबमध्ये थंड पाणी पडलं की काच तडकते.

आता हीटर. 200 लिटर पाणी 25 वरून 45 अंशांवर न्यायला साधारण 4.7 युनिट लागतात, म्हणजे 2 किलोवॅटचा हीटर जवळजवळ अडीच तास. दोघांच्या अंघोळीसाठी एवढी टाकी तापवणं परवडत नाही. जुलैत आठवडाभर ऊन दिसत नाही तेव्हा, सोलरचं पाणी बाथरूममधल्या 15 लिटरच्या गीझरमधून घेतलं, तर 32 वरून 45 अंशांना सात-आठ मिनिटं पुरतात. टाकीतलाच हीटर वापरणार असाल, तर रात्रभर नको, पहाटे लावा आणि थर्मोस्टॅट 50 वर ठेवा. टाकी भरलेली आहे याची खात्री केल्याशिवाय स्विच दाबू नका. कोरडा हीटर जळतो. अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच हवाच. ट्यूबमध्ये क्षार निघाले, तर हीटरच्या कॉइलवरही थर असणारच, त्याच दिवशी तीही काढून बघा.