स्पर्धकांच्या तक्त्यात सगळीकडे टिकमार्कच दिसतात, मग बाजारातली रिकामी जागा शोधायची कशी?

«घरगुती डब्याचा व्यवसाय सुरू करतोय. आजूबाजूच्या सात मेसची तुलना केली. घरपोच, रविवारी फीस्ट, जैन जेवण, सगळं सगळ्यांकडे आहे. यातून काय कळणार?»

डब्याच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. माझाही पहिला तक्ता असाच होता. डाव्या बाजूला मेस काय देते ते लिहिलं होतं, म्हणजे तो मेसवाल्यांच्या पाट्यांवरून उतरवलेला तक्ता होता. जेवणारा त्यात कुठेच नव्हता.

मग डाव्या बाजूला प्रसंग लिहिले आणि वरच्या ओळीत मेसच्या जोडीला ‘मॅगी’, ‘वडापाव’ आणि ‘उपाशी झोपणे’ हेही घातले. रात्री नऊला तुमची स्पर्धा त्यांच्याशीच असते. रकाने भरायला बारा जणांना एकच प्रश्न विचारला: गेल्या आठवड्यात रात्री काय खाल्लं, वारानुसार सांगा. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारू नका, सगळे ‘घरच्यासारखं जेवण’ म्हणून मोकळे होतात.

त्यातून मेसकडे उत्तर नसलेल्या दोन ओळी निघाल्या, त्या वेगळ्या काढून त्यांना नवे रकाने दिले:

| प्रसंग | आज काय करतो | त्याचं काय जातं | मेस का देत नाही |
|---|---|---|---|
| दुपारी कळतं, आज उशीर होणार | डबा वाया, बाहेर खातो | दोनदा पैसे | खाडा आदल्या रात्रीच सांगायचा |
| आजारी, मऊ खिचडी हवी | शेजारी किंवा पेज | फारसं नाही | एकासाठी वेगळं पातेलं परवडत नाही |

पहिल्या ओळीतला एक जण महिन्याला 30 रात्रींचे 2,400 रुपये भरायचा आणि जेवायचा 22 रात्री. म्हणजे 80 रुपयांचा डबा त्याला 109 ला पडत होता. माझ्या जुन्या तक्त्यात त्याच मेससमोर ‘खाड्याची सोय’ म्हणून टिक होती!

शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण कोणी देत नाही एवढ्यावरून तिथे धंदा आहे असं होत नाही. खिचडीची जागाही रिकामीच आहे, पण लोक तिच्यासाठी आज काही मोजत नाहीत आणि पातेल्याची अडचण मलाही सुटणार नव्हती. खाड्याचं तसं नव्हतं. रात्रीची कणीक आम्ही चारनंतर भिजवतो, भाजीही तेव्हाच फोडणीला पडते. आदल्या रात्रीचा नियम स्वयंपाकासाठी नव्हताच, वही एकदाच भरून मोकळं व्हावं म्हणून होता. आम्ही तीनपर्यंत खाडा घ्यायला लागलो.

यातही एक मेख आहे. भाजी सकाळीच आणलेली असते, त्यामुळे शुक्रवारी एकदम पंधरा खाडे आले की ती अंगावर पडते. म्हणून महिन्याला सहाच खाडे मोफत ठेवले. तुमच्याकडे हा आकडा किती असावा, हे आधी महिनाभर वहीत नोंदी करून मगच ठरवा.