वारीच्या रिंगणाचे ड्रोन शॉट

प्रश्न: माहितीपटासाठी पालखीचं रिंगण ड्रोननं शूट करायचंय. परवानगी, बॅटरी, वारा, गर्दी यांचं नियोजन कसं करावं?

उत्तर: सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोनला मोकळीक असलेल्या भागात दिसली, तरी तेवढ्यावर विसंबू नका. वारीच्या काळात पोलीस वेगळी ड्रोनबंदी लावू शकतात, त्यामुळे पोलिसांची लेखी परवानगी आधीच घ्या. ड्रोनला यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक हवा. काम व्यावसायिक असेल आणि ड्रोन २५० ग्रॅमच्या वर असेल, तर पायलटकडे रिमोट पायलट सर्टिफिकेटही लागतं.

खरी गोम उभं राहण्याच्या जागेत आहे. आषाढातला वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून रिंगणाच्या पूर्वेला थांबा. जाताना वारा समोरून लागतो, येताना पाठीशी राहतो. ड्रोन भरकटलाच तर गर्दीपासून लांब जातो. पश्चिमेला उभे राहिलात तर परतताना बॅटरी झपाट्यानं उतरते, आणि ड्रोन वाहवतो तो थेट वारकऱ्यांवर.

बॅटरी कागदावर ३० मिनिटांची असली तरी शूटिंगची १८ धरा. ती ३५ टक्क्यांवर आली की परत फिरा.

गर्दीवरून उडवूच नका. ४० मीटर उंचीवर असाल तर कडेपासून निदान तेवढंच आडवं अंतर ठेवा. आवाजानं रिंगणातले अश्व बुजतात, हे तर फार जपा. सिग्नल तुटल्यावर ड्रोन बहुधा सरळ रेषेत उड्डाणाच्या जागी परत येतो. ती रेषा गर्दीवरून जात नाही ना, हे उड्डाणाआधीच पाहा.