आधी त्याचे लिही, मग तुझे

अनेक उत्तम आशीर्वाद.

नैराश्याच्या काळात ज्याच्याशी बोलणे तू बंद केलेस, त्या मित्राला लिहिलेल्या पत्राचा मसुदा पाठवून तू एवढेच विचारले आहेस, की हे पाठवू का. आहे त्या रूपात पाठवू नकोस, आणि पत्र लिहिण्याचा विचारही सोडू नकोस.

मसुद्याची पहिली तीन पाने तुझी आहेत. मुख्य परीक्षेचा निकाल, उडालेली झोप, आंघोळीलाही न उठवणे, फोन वाजला की छातीत होणारी धडधड, हे सारे खरे आहे आणि ते वाचताना मला फार वाईट वाटले. मात्र चौथ्या पानावर ओघात एक वाक्य येते, की त्याच्या वडिलांच्या बायपासच्या आदल्या रात्री तो तुझ्या खोलीवर आला होता, तू आत होतास आणि तू दार उघडले नाहीस. पत्र इथूनच सुरू व्हायला हवे. आधी त्याचे लिही, मग तुझे.

सुरुवात अशी करून पाहा: ‘काकांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू आला होतास. मी आत होतो. तुझी हाक मला ऐकू आली आणि मी दार उघडले नाही. ती रात्र तुला एकट्याने काढावी लागली. त्यानंतरही तू फोन करत राहिलास आणि मी एकही उचलला नाही. याबद्दल मी तुझी माफी मागतो.’ यात ‘पण’ कुठेही येऊ देऊ नकोस. तुझ्या आजाराचे चार ओळींचे कारण पुढच्या परिच्छेदात येऊ दे. ते आधी आले, तर वाचणाऱ्याला वाटते की आता आपल्याला रागावण्याचाही हक्क उरला नाही.

शेवटच्या पानावर तू लिहिले आहेस, ‘मी तुझ्या मैत्रीच्या लायक नाही, मला विसरून जा.’ हे काढून टाक. नैराश्यात अवाजवी अपराधीपणा हे आजाराचेच एक लक्षण असते, त्यामुळे अशी वाक्ये मनाला अगदी खरी वाटतात. ती वाचून त्याला काय करावे लागेल? स्वतःचे दुःख बाजूला ठेवून तुझीच समजूत घालावी लागेल. पत्र वाचून झाल्यावर कोणाला कोणाचे सांत्वन करावे लागते, एवढे तपासलेस तरी मसुदा कुठे चुकला ते कळेल. मन अजून इतके खाली असेल, तर पत्र थोडे थांबू दे, डॉक्टरांना हे सांग, आणि मित्राला तूर्त दोनच ओळी पाठव: ‘मी बरा नाही. तुझ्यावर रागावलेलो नाही.’ कारण न बोलण्याने त्या दिवसापुरती सुटका होते आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलणे अधिकच अवघड होते, याचा अनुभव तू घेतला आहेसच.

माझा आग्रह तुला कठोर वाटेल, म्हणून तो कुठून आला ते सांगतो. तरुणपणी माझा एक जिवलग मित्र असाच दीर्घ काळ दूर गेला आणि बरा झाल्यावर त्याने मोठे पत्र लिहिले. त्याच काळात माझी आई गेली होती. त्याला ते कळले होते, तरी पत्रात तिचा उल्लेख नव्हता. मी उत्तर दिले नाही. आजारी माणसाशी असे वागू नये, असे अनेकांनी मला सुनावले, पण माझा राग आजारावर कधीच नव्हता. त्या पत्रात मी कुठेच नव्हतो, आणि जिथे आपण नाही तिथे उत्तर तरी काय द्यायचे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. तरी ती मैत्री संपली याची खंत आहे, आणि म्हणूनच पुन्हा सांगतो: आधी त्याचे लिही.

‘पुन्हा असे कधीही होणार नाही’ असे वचनही देऊ नकोस. हा आजार उलटू शकतो, आणि मग मोडलेल्या वचनाच्या लाजेने तू आणखी लपशील. त्याऐवजी पाळता येईल असे काही ठरव. बोलवत नसेल त्या दिवशी त्याला फक्त ‘आज नाही’ एवढे दोन शब्द पाठवीन, असे लिही. त्यावर त्याने उत्तर देण्याची गरज नाही, हेही लिही.

उत्तर मात्र मागू नकोस. ‘माफ केलेस का’, ‘समजून घेशील ना’ हे प्रश्न गाळ. काकांची प्रकृती आता कशी आहे, एवढे विचार. तो महिनाभर गप्प राहिला, तरी आठवणीचे मेसेज पाठवायचे नाहीत. तू किती काळ गप्प होतास, हे त्याने मोजलेले असणार.

नवा मसुदा मला दाखवू नकोस. तो त्याच्यासाठी आहे.

तुझा,
सर