आयकराची ईमेल : खरी कशी ओळखावी आणि पुढे काय करावे?

विवरणपत्रे भरून झाली की दरवर्षी त्याच शंका नव्याने येऊ लागतात. काही जण खोट्या ईमेलला घाबरून पैसे भरतात, तर काही जण खरी नोटीस खोटी समजून पुसून टाकतात. या वेळी निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहे. उत्तरांतील कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाच्या विवरणपत्रांना तीच लागू आहेत.

रिफंड मंजूर झाल्याची ईमेल आली आहे. खाली लिंक आहे, तिथे खाते क्रमांक आणि कार्डाचा तपशील भरायला सांगितले आहे. भरू का?

नाही. रिफंड हा आयकर विभागाच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होतो आणि त्यासाठी विभाग कार्ड, पिन किंवा ओटीपी कधीही मागत नाही. ती ईमेल `webmanager@incometax.gov.in` या पत्त्यावर पाठवा आणि मग पुसून टाका.

ईमेलमधल्या नोटिशीवर डीआयएन क्रमांक आहे, अशोकस्तंभ आहे, पाठवणाऱ्याचा पत्ताही सरकारी दिसतो. म्हणजे ती खरीच ना?

या तिन्ही गोष्टी कागदावर कोणालाही उमटवता येतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे बंधनकारक आहे आणि थोडे अपवाद सोडले तर त्याशिवायचे पत्र ग्राह्य धरले जात नाही. त्यामुळे क्रमांक नसणे संशयास्पद आहे, पण तो असणे हा पुरावा नव्हे. पाठवणाऱ्याचा पत्ता `incometax.gov.in` येथेच संपतो का, हे अवश्य पाहावे. त्यानंतर आणखी अक्षरे असतील तर ईमेल नक्की खोटी. मात्र पत्ता बरोबर दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तोही बनावट दाखवता येतो.

खात्रीचा मार्ग एकच आहे. ईमेलमधील लिंक न वापरता ब्राउझरमध्ये स्वतः `incometax.gov.in` टाइप करावे आणि मुखपृष्ठावरील `Authenticate Notice/Order Issued by ITD` हा पर्याय उघडावा. त्यासाठी लॉगिन लागत नाही, डीआयएन आणि मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी टाकला की झाले. तिथे दिसणारा तपशील हातातील कागदाशी जुळवून पाहा, कारण दुसऱ्याच्या खऱ्या नोटिशीचा क्रमांक खोट्या पत्रावर चिकटवता येतो. त्यानंतर लॉगिन करून `e-Proceedings` मध्येही पाहा. दोन्हीकडे काही सापडले नाही, तर कोणतेही उत्तर देण्यापूर्वी सनदी लेखापालांना कागद दाखवा.

कलम १४३(१) खाली ईमेल आली आहे. पोर्टलवर ती खरी निघाली. १८,००० रुपये आणि वर व्याज मागितले आहे. माझा टीडीएस तर पूर्ण कापला गेला होता. वाद नको म्हणून भरून टाकू का?

थांबा. ही बंगळूरच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राने संगणकावर केलेल्या हिशेबाची सूचना आहे. ती तुमच्यावर ठेवलेला आरोप नाही. पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ अंकांत टाकली की ती फाइल उघडते. आत शेजारी शेजारी दोन रकाने असतात. पहिल्यात तुम्ही विवरणपत्रात दिलेले आकडे असतात आणि दुसऱ्यात विभागाने मोजलेले. दोन्ही रकाने ओळीने खाली वाचत जावे आणि आकडा जिथे पहिल्यांदा वेगळा होतो तिथे थांबावे.

तुम्ही पाठवलेल्या प्रतीत उत्पन्न आणि त्यावरचा कर दोन्हीकडे सारखाच आहे. फरक टीडीएसच्या ओळीत आहे. तुम्ही ६२,००० दाखवले आणि विभागाने ४४,००० धरले. उरलेले १८,००० म्हणजे बँकेने मुदत ठेवीवरील व्याजातून कापलेली रक्कम. ती तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसत नाही, याचा अर्थ बँकेने आपल्या टीडीएस विवरणात पॅन चुकीचा लिहिला असावा किंवा तुमची नोंदच केली नसावी. बँकेकडून फॉर्म १६ए हे टीडीएसचे प्रमाणपत्र घेऊन त्यावरचा पॅन तपासा आणि दुरुस्त विवरण भरण्याची लेखी मागणी करा. त्याच वेळी पोर्टलवर `Response to Outstanding Demand` मध्ये मागणी मान्य नसल्याचे कारणासह नोंदवा. रक्कम २६एएसमध्ये दिसू लागली की कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करून विवरणपत्राची पुन्हा प्रक्रिया मागा. घाईने आधीच अर्ज केलात तर तोच हिशेब पुन्हा हाती येईल.

मागणीची रक्कम भरायला ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर दरमहा १ टक्का व्याज लागते. अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच आहे. म्हणून बँकेच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, याच आठवड्यात सल्ला घ्या. ठेव पत्नीच्या नावे आणि टीडीएस तिच्या पॅनवर असेल, तर उपाय पूर्ण वेगळा आहे.

आमचे विवरणपत्र ओळखीचा एक जण भरतो. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल त्याचाच आहे. नोटीस आली तर तो सांगेलच ना?

हा प्रकार मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो. विवरणपत्रात दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस नियम १२७ नुसार तुम्हाला मिळाली असेच मानले जाते. त्याने ती वाचली नाही, वाचून दडवली किंवा व्यवसाय बंद करून तो गावी निघून गेला, तरी मुदत तुमची सरते. नोटीस माहिती मागवणारी कलम १४२(१) खालची किंवा छाननीची कलम १४३(२) खालची असेल आणि उत्तर गेले नाही, तर अधिकारी उपलब्ध माहितीवरून स्वतःच्या अंदाजाने करनिर्धारण करू शकतो आणि प्रत्येक कसुरीसाठी १०,००० रुपये दंड लागू शकतो. त्यानंतर "मला कोणी सांगितलेच नाही" हा बचाव फार क्वचित टिकतो.

यात धंद्याचा भागही आहे. रिफंडच्या टक्केवारीवर काम करणारे काही जण न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले घरभाडे दाखवून रिफंड वाढवून देतात. स्वतःचा ईमेल ते मुद्दाम घालतात, म्हणजे विभागाचा प्रश्न अशिलापर्यंत पोहोचतच नाही. खोट्या वजावटीची जबाबदारी मात्र सही करणाऱ्याची, म्हणजे तुमचीच. "सगळे असेच करतात" आणि "नोटीस मॅनेज होते" ही वाक्ये ज्याच्या तोंडी येतात, त्याच्याकडून आपले कागद आजच परत घ्या.

लॉगिनचा पासवर्ड मागून घ्या आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचा ईमेल व मोबाइल नोंदवून पासवर्ड बदला. मग मागील वर्षांची `e-Proceedings` आणि `Response to Outstanding Demand` ही दोन्ही पाने उघडून पाहा. भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती डाउनलोड करून प्रत्येक वजावटीचा पुरावा घरात आहे का, तेही तपासा. नसेल, तर त्या प्रती घेऊन एखाद्या सनदी लेखापालांकडे जा. चूक स्वतःहून सुधारण्याची वाट वर्षानुसार खुली किंवा बंद असते, ते तेच पाहून सांगू शकतील.

ईमेलपाठोपाठ फोन आला. आजच यूपीआयने दंड भरा, नाहीतर अटक होईल, असे सांगितले.

फोन ठेवा. कर पोर्टलवरील `e-Pay Tax` मधूनच भरावा, कोणाच्या यूपीआय क्रमांकावर नव्हे. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर तक्रार करा.

विवरणपत्र सदोष असल्याची ईमेल आली आहे. रक्कम काही मागितलेली नाही. सणासुदीनंतर पाहिले तर चालेल का?

चालणार नाही. कलम १३९(९) खालच्या या नोटिशीला १५ दिवसांतच उत्तर द्यावे लागते. रक्कम मागितलेली नसते म्हणून लोक ती बाजूला ठेवतात, पण दोष दूर केला नाही तर विवरणपत्र अवैध ठरू शकते, म्हणजे तुम्ही ते भरलेच नाही असे धरले जाते आणि रिफंडही अडकतो. नोटिशीत दोषाचा सांकेतांक आणि वर्णन असते. व्यवसायाचे उत्पन्न दाखवून ताळेबंदाची माहिती रिकामी सोडणे हा नेहमीचा दोष. वेळ अपुरा असेल तर मुदत संपण्यापूर्वीच पोर्टलवरून वाढ मागा आणि सुधारित विवरणपत्र पाठवण्याआधी ते एकदा जाणकाराच्या नजरेखालून घाला.