नोकरी न सोडता भाजणी विकून बघताना

"मॅडम, वय ४३. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, हातात ६८ हजार येतात. आईच्या पद्धतीची थालीपिठाची भाजणी विकायची आहे. भाजायच्या मशीनचं अडीच लाखांचं कोटेशन आणलंय. पीएफमधून काढू का? मुलीची बारावी आहे, भीती वाटते."

मी पहिल्यांदा त्यांचं नेमणूकपत्र मागितलं. ते घरी कुठल्याशा फाइलीत होतं. पुढच्या भेटीला घेऊन आले. 'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करता येणार नाही' हे वाक्य त्यांनी १४ वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. "मग बायकोच्या नावावर करतो," ते लगेच म्हणाले. हे उत्तर मला दर महिन्याला कुणी ना कुणी देतं. काम खरंच बायको करणार असेल तर ठीक, नाहीतर कागदावर नाव बदलून ते कलम टळत नाही. त्यांनी एचआरला अर्ज दिला: कामाच्या वेळेबाहेर, कंपनीच्या मालाशी संबंध नसलेला घरगुती धंदा. तीन आठवड्यांनी होकार आला. तोवर अन्नसुरक्षेची छोट्या धंद्याची नोंदणी झाली; तेव्हा वर्षाला १०० रुपये पडले.

पीएफला हात लावायचा नाही असं ठरलं. २५ हजार रुपये आणि सहा महिने. ते पैसे संपले किंवा मुदत संपली की थांबून हिशेब करायचा. मशीन नाही, घरची कढई.

पहिल्या तीन शनिवारी प्रत्येकी १० किलो केली. अर्ध्या किलोची ६० पाकिटं, सगळी विकली गेली. गृहस्थ पेढे घेऊन आले. मी यादी मागितली. १२ पाकिटं त्यांच्या कंपनीला माल पुरवणाऱ्यांनी घेतली होती. आता खरेदी विभागातल्या साहेबांना 'नको' कोण म्हणणार? अशी विक्री मागणी दाखवत नाही, आणि वर नोकरीवर बालंट आणू शकते. ती त्याच दिवशी बंद करायला लावली. ३१ पाकिटं नातेवाईक आणि मित्रांची. उरलेली १७ पाकिटं १७ अनोळखी घरांत गेली होती, शेजारच्या दोन सोसायट्यांत, पैसे आधी घेऊन. मी म्हटलं, आपलं गिऱ्हाईक एवढंच. अर्धा किलो साधारण महिनाभर पुरते, म्हणून दोन महिने वाट पाहायची, आपण होऊन विचारायचं नाही.

पाच घरांनी पुन्हा मागवली. दोघींनी उलट तक्रार केली: पिठाला कुबट वास. दळण गिरणीतून आल्या आल्या गरम असतानाच पाकिटात भरत होते, आत घाम सुटत होता. रात्रभर परातीत पसरून ठेवायला लागल्यापासून तक्रार आली नाही. मशीन आधी घेतलं असतं तर हाच वास दसपट पाकिटांत गेला असता.

मग आम्ही वही उघडली. १० किलोला धान्य-डाळी, धणे-जिरे ९०० रुपये, गॅस ८०, दळण १००, पाकिटं-लेबलं १६०, पोचवायचं पेट्रोल १५०. एकूण १३९०. पाकीट १२० ला, म्हणजे २४०० आले. १०१० उरले. "बरे आहेत की!" ते म्हणाले. त्यांच्या पत्नी पहिल्यांदाच सोबत आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "धान्य धुणं, वाळवणं, भाजणं मी करते. माझे किती धरलेत?" धरलेच नव्हते. बाहेरची बाई लावली तर ५०० द्यावे लागतील, म्हणजे किलोमागे ५१ रुपये. पगाराएवढे मिळवायला महिन्याला १३०० किलोंच्या वर भाजणी विकायला हवी होती. विकली जात होती ती महिन्याला २० किलोसुद्धा नाही.

गृहस्थ बराच वेळ वहीकडे बघत बसले. अशा वेळी मी बोलत नाही.

त्या पाच घरांतलं एक मात्र वेगळं होतं. डबे करून देणाऱ्या एक ताई, त्यांना दर आठवड्याला तीन किलो हवी होती, सुटी, त्यांच्याच डब्यात. पाकीट नाही, लेबल नाही, एकच फेरी. भाव किलोला २०० लावला, तरी पाकिटांपेक्षा कटकट कमी. उरलेले तीन महिने सोसायट्या सोडून फक्त असे डबेवाले आणि नाश्त्याच्या गाड्या शोधायच्या, असं ठरवलं. रोज नाही, शनिवारीच.

सहा महिने संपले तेव्हा असे चार जण होते, आठवड्याला मिळून ११ किलो. २५ हजारांतले ९ हजार शिल्लक. भाजायला एक मावशी येतात, त्यांचे पैसे आधी वेगळे निघतात. नोकरी चालू आहे. धंद्याचं उत्पन्न आल्यामुळे विवरणपत्र आता नेहमीच्या आयटीआर-१ मध्ये भरता येणार नाही, एवढं सीएला आधीच सांगून ठेवायला लावलं. मशीनचं कोटेशन फाइलीत आहे. आठवड्याची मागणी सलग तीन महिने ४० किलोंच्या वर गेली तर ते बाहेर काढायचं, हा आकडा दोघांनी मिळून वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.