पाकिटावर 'मल्टीग्रेन', 'मैदा नाही' असं छापलेलं असतं. मग पदार्थ अल्ट्रा-प्रोसेस्ड आहे हे ओळखायचं कसं? आणि असलं खाणं हातातून सुटत का नाही?

पुढची बाजू वाचूच नका, पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आपलं भडंग घेतलं तर मागे काय दिसतं? चुरमुरे, तेल, शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. सगळं घरच्या फडताळात सापडणारं. मल्टीग्रेन क्रीम बिस्किटाच्या मागे मात्र बहुतेकदा पीठ, साखर आणि पामतेलानंतर इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर (३२२, ४७१), कृत्रिम स्वाद अशी नावं लागतात, आणि मिरवलेली धान्यं कुठेतरी तळाशी दोन-चार टक्के. जो घटक कुणाच्याच स्वयंपाकघरात नसतो आणि फक्त चव, रंग किंवा पोत घडवण्यासाठी घातलेला असतो, तीच खरी खूण. ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या, खाद्यपदार्थांच्या 'नोव्हा' वर्गीकरणाचा गाभा हाच आहे. म्हणून पाकीटबंद असणं हा दोष नाही. पाकिटातलं साधं दूध, दही, डाळ अल्ट्रा-प्रोसेस्डमध्ये येत नाही.

आता हात का थांबत नाही ते बघू. अमेरिकेत पोषण-संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. दोन्हींत ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू जवळपास सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. तरी अल्ट्रा-प्रोसेस्डच्या वेळी माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत साधारण एक किलोने वाढली. साध्या जेवणावर तेवढीच उतरली.

अल्ट्रा-प्रोसेस्डच्या वेळी ती माणसं भराभर खात होती, हे त्यात मला फार महत्त्वाचं वाटतं. बिस्किटात पाणी जवळजवळ नसतं, धान्याची मूळ घडण मोडलेली असते, त्यामुळे ते तोंडात विरघळतं. शंभर ग्रॅममागे ४५० ते ५०० कॅलरी चावायचे कष्ट न घेता पोटात जातात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचायला वेळ लागतो, तोवर अर्धा पुडा संपलेला असतो. ज्वारीची भाकरी आणि झुणका खाताना तसं होत नाही. भाकरी चावावीच लागते, आणि तिच्यात पाणी असल्यामुळे तेवढ्याच वजनात कॅलरी निम्म्याच्या आसपास असतात.

भडंगही तेलकट असतं, वाटीऐवजी पिशवीतूनच खाल्लं तर तेही जास्त होतं, हे मी नाकारत नाही. पण घरात बदल करायचा असेल तर मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्यापासून करा: बिस्किटाच्या जागी मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा. शेंगदाण्यातही कॅलरी भरपूर असतात, पण ते चावून खावे लागतात.